वास बाटलीला नाही, झाकणाला येतो!

एक काम करा. बॅगेतली स्टीलची बाटली आत्ता बाहेर काढा. झाकण उघडा आणि उलटं करून बघा. आतल्या कडेला एक पांढरी किंवा पारदर्शक रबरासारखी रिंग दिसेल. काहीजण तिला वायसर म्हणतात. ही रिंग तुम्ही शेवटची कधी काढली होती?

‘ती निघते?’ असं मनात आलं असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

माझ्या रूममेटनं परीक्षेच्या दिवसांत एक फ्लास्क घेतला होता. तिच्या ट्यूशनच्या पहिल्या पैशांतून, आठशे रुपयांचा. दुपारी मेसमधून त्यात चहा भरायचा आणि अभ्यासिकेत जाऊन बसायचं. महिन्याभरात त्या फ्लास्कला असा आंबूस वास यायला लागला, की साधं पाणी भरलं तरी तोंडाजवळ नेववेना. तिनं काय नाही केलं! रोज साबणानं खळखळून धुतला. उकळतं पाणी घालून ठेवलं. पुदिना टाकला. एकदा तर लवंगा टाकून रात्रभर बंद करून ठेवला. सकाळी लवंग आणि आंबलेल्या दुधाचा एकत्र वास आला. शेवटी ती म्हणाली, ‘‘जाऊ दे, टाकून देते. माल खराब निघाला.’’

मला हे पटत नाही. फ्लास्क खराब नव्हता. ती चुकीचा भाग धूत होती, आणि आपण बहुतेकजण तेच करतो.

आम्ही एक साधी गोष्ट केली. फ्लास्क धुऊन, झाकण न लावता रात्रभर उघडा ठेवला आणि झाकण वेगळं, लांब ठेवलं. सकाळी दोन्हींचा वेगवेगळा वास घेतला. फ्लास्कला अगदी पुसटसा वास होता. झाकण मात्र नाकाशी नेताच तिनं बाजूला फेकलं! तुमच्याकडेही वास येत असेल, तर आधी हीच परीक्षा करा. चोर कुठे आहे ते कळल्याशिवाय धुण्यात अर्थ नाही.

असं का होतं? स्टील वास शोषून घेत नाही. रिंग बहुतेक वेळा सिलिकॉनची असते. सिलिकॉन पाणी शोषत नाही, पण तेलकट, सुगंधी पदार्थांचा वास धरून ठेवतं. कुकरच्या रिंगला डाळीचा वास राहतो ना, तसंच. शिवाय रिंग ज्या खाचेत बसते, तिथे दुधाच्या चहाचा किंवा सरबताचा थेंब शिरतो आणि वाळतच नाही. ओल, अन्न आणि थोडी हवा, बुरशीला आणखी काय हवं? वरून खळखळून ओतलेलं पाणी त्या खाचेच्या तळाशी पोचतच नाही.

आम्ही रिंग काढली. टूथपिकनं एका जागी हलकेच उचलली आणि बोटानं ओढून घेतली. सुरी किंवा कात्रीचं टोक वापरू नका. रिंगला बारीक चीर गेली तरी बाटली बॅगेत गळणार आणि नोट्स भिजणार. काढण्याआधी फोनवर एक फोटो घ्या, म्हणजे कोणती बाजू वर होती ते नंतर आठवत बसावं लागत नाही. तर, रिंगच्या खाली काय होतं? तपकिरी, बुळबुळीत थर आणि त्यात काळे ठिपके. ती दोन मिनिटं गप्पच झाली. महिनाभर याच झाकणाखालचा चहा प्यायली होती.

पुढचं काम अवघड नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून रिंग आणि झाकण अर्धा तास भिजवलं. मग जुन्या टूथब्रशनं रिंग दोन्ही बाजूंनी घासली आणि झाकणाच्या खाचेतूनही ब्रश गोल फिरवला. थर निघाला, पण रिंगचा वास थोडा राहिला. म्हणून पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून रिंग त्यात रात्रभर ठेवली. सकाळी वास जवळपास गेला होता. काळे ठिपके मात्र दोन-तीन उरले. घासूनही ठिपके जात नसतील तर डाग रिंगच्या आत मुरलेला असतो. अशी रिंग बदलायची. त्याच मापाची मिळाली नाही तर झाकण बदलायचं, सगळी बाटली नाही.

आता बाटलीचं पोट. तोंड अरुंद, हात जात नाही. लांब दांड्याचा ब्रश असेल तर उत्तम. नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ, पाव बाटली कोमट पाणी आणि लिक्विडचा एक थेंब घालून हलवा. तांदूळ कोपऱ्यातला थर खरवडतात. पाणी गरम नको. बंद बाटलीत गरम पाणी हलवलं की आत दाब वाढतो आणि झाकण उघडताना उसळतं. तळाशी चहाचा तपकिरी थर असेल तर चमचाभर सोडा घालून गरम पाणी भरा आणि झाकण न लावता रात्रभर ठेवा. पांढरट, खडबडीत थर असेल तर तो जड पाण्याचा क्षार आहे. त्याला सोडा चालत नाही. त्याला लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर लागतं, तासाभरासाठी, तेही झाकण न लावता.

‘सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाका, फसफसतं आणि स्वच्छ होतं,’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. फेस बघायला छान असतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात. त्यात झाकण लावलं तर वायूच्या दाबानं ते उडूही शकतं. आणि ब्लीच? स्टीलच्या बाटलीत अजिबात नको. क्लोरीनमुळे स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि मग तिथेच घाण साचते.

हे सगळं वाचून ‘कोण करणार रोज?’ असं वाटेल. रोज करायचंच नाही. फक्त पाणी भरत असाल तर रिंग आठवड्यातून एकदा काढा. दूध, चहा, प्रोटीन शेक भरला असेल तर मात्र त्याच दिवशी. धुतल्यावर बाटली, झाकण आणि रिंग तिन्ही वेगवेगळी वाळवा. बाटली टेबलावर सपाट उलटी ठेवू नका, ओल आत कोंडते. भिंतीला तिरकी टेकवा. ओली बाटली घट्ट बंद करून ठेवणं, ही खरी चूक.

आणि पुढची बाटली घेताना रंग आणि चोवीस तास गरम राहण्याचा दावा बघण्याआधी दुकानातच झाकण उघडून बघा. रिंग निघते का? झाकणाचे भाग सुटतात का? बटण दाबून उघडणारी झाकणं आतून सुटत नसतील, तर त्यांत चहा-दूध भरूच नका, कारण तिथे तुमचा ब्रश कधीच पोचणार नाही.

रूममेटचा फ्लास्क अजून आहे. नवीन झाकणासह. ती आता त्यात फक्त पाणी भरते, आणि चहा मेसमध्येच, कपात पिते. मी विचारलं, ‘‘का गं?’’ ती म्हणाली, ‘‘मला ती रिंग आठवते.’’

आता तुम्हीही बघा.