हळद ‘एक्स्पोर्ट’ करतो म्हणणाऱ्या कंपनीचा आयईसी खरा, पण धंदा चालू आहे का?

हिंगोली : जिल्ह्यात, विशेषतः वसमत भागात, हळद घरात आली की ‘आमची एक्स्पोर्ट कंपनी आहे, बाजारापेक्षा जादा भाव देतो, पैसे पंधरा दिवसांनी’ असं म्हणणारे खरेदीदार दारात उभे राहू शकतात. पुरावा म्हणून ते मोबाईलवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोडचं प्रमाणपत्र दाखवतात. या कागदाला किती किंमत द्यायची, हा प्रश्न आहे.

हा कोड केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय देतं. 500 रुपये भरून तो ऑनलाइन मिळतो. म्हणजे कोड हा व्यवसायाचा परवाना आहे, व्यवसाय केल्याचा दाखला नव्हे. एक क्विंटलही माल परदेशात न पाठवलेल्या माणसाकडे तो असू शकतो.

तपासणीची सुरुवात मात्र इथूनच होते. dgft.gov.in वर View Any IEC या सोयीत कोड आणि कंपनीचं नाव टाकलं की पत्ता, कोड दिल्याची तारीख आणि स्थिती दिसते. कोडधारकाने दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अद्ययावत करायची असते. बदल नसला तरी तसं नोंदवावं लागतं. नाही केलं तर कोड निष्क्रिय होतो. प्रमाणपत्र जुनं चकचकीत आणि स्क्रीनवर कोड बंद, तर निर्यातीच्या गप्पा तिथेच संपल्या.

आता समजा, कोड AAACA0000A असा आहे. 2017 नंतरचा कोड म्हणजे कंपनीचा पॅनच असतो. चौथं अक्षर C म्हणजे कंपनी, P म्हणजे एकटा माणूस. पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि चौथं अक्षर P, तर काहीतरी गडबड आहे. महाराष्ट्रातल्या जीएसटी क्रमांकात आधी 27 आणि पुढे हाच पॅन येतो. तो जुळत नसेल तर कोड दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाने विवरणपत्रं भरली जातात का, हेही दिसतं. महिनोन्‌महिने विवरणपत्र नाही, म्हणजे धंदा थंड. (2017 आधीचे कोड नुसत्या दहा अंकांचे आहेत, ते खोटे समजू नयेत.)

खरी निर्यात सिद्ध होते ती शिपिंग बिलाने. माल बंदरातून जाताना कस्टमकडे हे बिल दाखल होतं. icegate.gov.in वर बंदर, बिल क्रमांक आणि तारीख टाकून त्याची स्थिती पाहता येते. हळद मसाल्यात मोडते, म्हणून निर्यातदाराकडे स्पायसेस बोर्डाची नोंदणीही लागते. खरा निर्यातदार ही दोन्ही कागदं दाखवायला कचरत नाही.

एवढं सगळं जुळलं, तरी ती कंपनी शेतकऱ्याचे पैसे देईलच, याची हमी यातल्या एकाही कागदात नाही. उधारीवर गाडी भरण्याआधी वजन, भाव आणि पैशांची तारीख लेखी घ्यावी लागते. ती आयईसीवर लिहिलेली नसते.