फेरपडताळणीचा भार कोणाच्या खांद्यावर?

पांढरकवडा ही कापसाची बाजारपेठ आहे, केळापूर तालुक्याचे ठिकाण आहे, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतील, कोलाम पोडांतील माणसाला कागदाचे प्रत्येक काम येथेच येऊन करावे लागते. अशा गावांत मोबाइल ही चैनीची वस्तू केव्हाच राहिलेली नाही. बँकेतून पैसे काढल्याची खबर, पीकविम्याची नोंद, किसान सन्मान निधीची ओळखपडताळणी, आणि 2025च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्याची नोंदणी हे सारे त्या एका क्रमांकावर येऊन थांबते. म्हणूनच कंपनी जेव्हा जुन्या ग्राहकाला "आपल्या जोडणीची पुन्हा पडताळणी करा" असे कळविते, तेव्हा तो केवळ कंपनीच्या दप्तराचा प्रश्न राहत नाही.

कंपनी हे का विचारते, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. ग्राहकाची ओळख तपासूनच जोडणी द्यायची, ही कंपनीच्या परवान्याची अट आहे. तपासणीत अर्ज सदोष आढळला तर दूरसंचार खाते प्रत्येक अर्जामागे दंड करू शकते. अटीमागचे कारणही खोटे नाही. दुसऱ्याच्या कागदांवर घेतलेल्या सिमकार्डांच्या जोरावर ठगांच्या टोळ्या लोकांची बँकखाती रिकामी करतात, आणि पोलीस मात्र ज्याच्या नावावर कार्ड आहे त्या निरपराध माणसाच्या दारी जातात. मे 2024 मध्ये सुमारे 6 लाख 80 हजार जोडण्या खोट्या वा अवैध कागदांवर घेतल्याचा संशय खात्याने व्यक्त केला आणि 60 दिवसांत त्यांची फेरपडताळणी करण्याचा आदेश कंपन्यांना दिला. तेव्हा पडताळणीला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्या पद्धतीचा, आणि चूक एकाची व शिक्षा दुसऱ्याला या तिच्या स्वभावाचा.

यासाठी 7 डिसेंबर 2021चा आदेश बारकाईने पाहण्यासारखा आहे. एका व्यक्तीच्या नावावर सर्व कंपन्यांची मिळून जास्तीत जास्त नऊ कार्डे असावीत. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडील राज्यांत सहा. त्यापेक्षा अधिक आढळल्यास ग्राहकाने कोणती ठेवायची ते निवडावे आणि उरलेली परत करावीत, प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या नावे करून द्यावीत किंवा बंद करावीत. त्यासाठी टप्पे ठरले. 30 दिवसांत बाहेर जाणारे फोन व इंटरनेट बंद, 45 दिवसांत येणारे फोनही बंद, आणि ग्राहक आलाच नाही तर 60 दिवसांत क्रमांक कायमचा रद्द. पोलिसांनी वा बँकेने ज्या क्रमांकाविरुद्ध तक्रार केली असेल, त्याच्या बाबतीत हीच मुदत 5, 10 आणि 15 दिवसांची.

आता हा आदेश एका शेतकरी कुटुंबाला लावून पाहू. समजा, एकत्र कुटुंबातील कर्त्या पुरुषाच्या नावावर दहा कार्डे आहेत. त्याने ती साठवून ठेवलेली नाहीत. दुकानात गेल्यावर ज्याचे कागद हाताशी होते, त्याच्याच नावावर मुलांची, सुनांची आणि सालगड्याचीही कार्डे निघाली. दुकानदारालाही घाई होती, कारण कार्ड विकल्यावरच त्याला कमिशन मिळते. कंपनीचा संदेश येतो तो कापूस वेचणीच्या दिवसांत. कोणी तो वाचत नाही, आणि वाचला तरी जाहिरात समजून पुसून टाकतो. मुदत संदेश हाती पडल्यापासून नव्हे, तर आदेशाच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे 6 जानेवारी 2022च्या सुमारास दहांपैकी एक फोन मुका होतो, 21 जानेवारीला बहिरा होतो आणि 5 फेब्रुवारीला मरतो. तो फोन जर सालगड्याचा असेल, तर त्याच्या नावावर कार्डच नसल्यामुळे त्याला तक्रारही करता येत नाही. ज्याचे नुकसान झाले, तो कंपनीच्या दप्तरी ग्राहकच नाही!

दुर्लक्ष केल्याचा परिणाम फोन बंद पडण्यापाशी संपत नाही. बँकेत तोच क्रमांक नोंदलेला असतो, सांकेतिक आकडा तेथेच येतो. तो आला नाही की खात्यातील स्वतःच्या पैशापर्यंत पोहोचण्याची वाट अडते आणि क्रमांक बदलण्यासाठी पुन्हा कागद घेऊन तालुक्याच्या फेऱ्या सुरू होतात. बंद झालेला क्रमांक किमान 90 दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामकाने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यानंतर मात्र तो दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, आणि बँकेतील नोंद बदललेली नसेल तर एकाचे निरोप दुसऱ्याला पोहोचतात.

या आदेशात 30 दिवसांची वाढीव सवलत होती. ती कोणाला? परदेशी फिरतीवर असलेल्यांना, अपंगांना आणि रुग्णालयात दाखल असलेल्यांना. शेवटच्या दोन सवलती योग्यच आहेत. परंतु विमानाने परदेशी गेलेल्याची आठवण खात्याला झाली आणि ऊसतोडीला वा परमुलखी मजुरीला गेलेल्याची झाली नाही, यातून कायदा कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला जातो ते दिसते.

फेरपडताळणीच्या नावाखाली काय होऊ शकते, याचा धडा 2017 साली मिळालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2017 रोजी ग्राहकांच्या पडताळणीची व्यवस्था करण्याविषयी सरकारचे म्हणणे नोंदवून घेतले. त्याचा आधार घेऊन खात्याने 23 मार्चला देशातील प्रत्येक जुन्या ग्राहकाने आधारद्वारे पडताळणी करावी असा आदेश काढला. मजुराची झिजलेली बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत, याचा विचार झाला नाही. त्याच वर्षी एअरटेलने या पडताळणीच्या वेळी अनेक ग्राहकांची त्यांना न कळत आपल्या पेमेंट्स बँकेत खाती उघडल्याचे आणि त्यांचे गॅसचे अनुदान तेथे वळल्याचे उघड झाले. आधार प्राधिकरणाने कंपनीचा पडताळणीचा अधिकार काही काळ रोखला आणि मार्च 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला 5 कोटींचा दंड केला. अखेर 26 सप्टेंबर 2018 रोजी मोबाइलला आधार जोडण्याची सक्तीच न्यायालयाने रद्द ठरविली. पण तोवर कोट्यवधी लोक रांगेत उभे राहून अंगठे देऊन आले होते.

आता याच भीतीवर चोरांचाही धंदा चालतो. "चोवीस तासांत फोन बंद होईल, या क्रमांकावर बोला" असा संदेश येतो. खरी पडताळणी ओळखणे कठीण नाही. कंपनी फोनवरून सांकेतिक आकडा मागत नाही, कोणते अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगत नाही, पैसे मागत नाही. शंका आल्यास संदेशातील क्रमांकावर न बोलता कंपनीच्या अधिकृत दुकानात जावे. आपल्या नावावर किती कार्डे आहेत, हे मे 2023 पासून सुरू झालेल्या 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते आणि अनोळखी कार्डाची तक्रारही तेथे करता येते. घरातील कार्डे ज्याची त्याच्या नावे करून घेणे, हा कुटुंबापुरता खरा उपाय आहे.

परंतु नागरिकाच्या सावधपणावर सरकारची जबाबदारी संपत नाही. मुदत प्रत्यक्ष सूचना मिळाल्यापासून मोजली गेली पाहिजे. सूचना मराठीत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागली पाहिजे. नाव बदलून देण्याची सोय आठवडी बाजाराच्या दिवशी गावात झाली पाहिजे, आणि स्थलांतरित मजुराला परदेशस्थाइतकी तरी सवलत मिळाली पाहिजे. कार्ड विकणाऱ्यांची नोंदणी 1 डिसेंबर 2023 पासून सक्तीची झाली, हे ठीक झाले. पण विक्रीचे लक्ष्य ठरवून देणाऱ्या कंपन्यांना जाब विचारल्याशिवाय खोट्या कार्डांचा उगम आटणार नाही. ओळख पटविण्याचे कर्तव्य नागरिकाचे असेल, तर त्याचा आवाज बंद करण्यापूर्वी त्याच्या दारापर्यंत जाण्याचे कर्तव्य सरकारचे आणि कंपन्यांचे आहे.