विश्लेषण : ‘अकाउंट पेयी’ चेकचे पैसे भलत्याच्याच खात्यात गेले, तर बँक किती जबाबदार?

चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आणि मध्ये ‘ए/सी पेयी’ असे लिहिले, की पैसे सुरक्षित झाले असा सर्वसाधारण समज आहे. यवतमाळ जिल्ह्यात कापूस किंवा सोयाबीन विकून असा चेक घरी आणणाऱ्या अनेकांचे खाते मात्र बँकेत नसते, गावातल्या पतसंस्थेत असते. हा चेक पतसंस्थेच्या नावाने वटतो. या वाटेत पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले तर दाद कोणाकडे मागायची, हे समजून घेण्यासाठी आधी त्या रेघांचा अर्थ पाहावा लागेल.

रेघा आणि ‘अकाउंट पेयी’ यांत फरक काय?

रेघांचा उल्लेख ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, 1881’ या कायद्यात आहे. दोन समांतर रेघा मारलेल्या चेकची रक्कम खिडकीवर रोखीने मिळत नाही, ती बँकेमार्फतच घ्यावी लागते. त्यामुळे पैसे कोणत्या खात्यात गेले याचा माग राहतो. मात्र नुसत्या रेघांनी चेक दुसऱ्याच्या नावे फिरवणे थांबत नाही.

‘अकाउंट पेयी’ हे शब्द बँक व्यवहाराच्या प्रथेतून आले. चेक वसूल करणाऱ्या बँकेला दिलेली ती सूचना आहे : ज्याचे नाव लिहिले आहे, त्याच्याच खात्यात रक्कम जमा करा. रिझर्व्ह बँकेने 1992 मध्ये बँकांना तसे बजावले आणि जानेवारी 2006 मध्ये पुन्हा सक्त निर्देश दिले. चेक देणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने ‘दुसऱ्या खात्यात टाका’ असे सांगितले, तरी बँकेने ऐकायचे नाही. तसे हवेच असेल, तर चेक देणाऱ्याने ‘अकाउंट पेयी’ ही सूचना मागे घ्यायला हवी.

1992 मध्येच हे का बजावावे लागले?

त्या वर्षी मुंबईत रोखे घोटाळा उघड झाला. एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या नावाने काढलेले चेक प्रत्यक्षात दलालांच्या खात्यात जमा होत होते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने एएनझेड ग्रिंडलेज बँकेच्या नावाने दिलेल्या चेकची सुमारे 506 कोटी रुपयांची रक्कम दलाल हर्षद मेहताच्या खात्यात गेली. चेकवर मेहताचे नाव नव्हते. घोटाळा फुटल्यावर ग्रिंडलेजला ही रक्कम भरावी लागली आणि खरी जबाबदारी कोणाची, यावर वाद सुरू झाला. लवाद आणि विशेष न्यायालय अशी वळणे घेत तो 2002 मध्ये तडजोडीने मिटला. चेकवर एक नाव आणि जमा दुसऱ्याच खात्यात, एवढ्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा निकाल लागायला दोन बलाढ्य बँकांनाही दहा वर्षे लागली.

वसुली करणाऱ्या बँकेला कायद्याचे संरक्षण आहे का?

आहे, पण अटींसह. चेकचा खरा मालक एक आणि पैसे घेणारा दुसरा असला, तर वसुली करणारी बँक एरवी खऱ्या मालकाला भरपाई देणे लागते. कलम 131 तिला यातून वाचवते. त्यासाठी चेकवर रेघा असाव्यात, वसुली बँकेच्या ग्राहकासाठी केलेली असावी आणि बँक सद्भावनेने व निष्काळजीपणा न करता वागलेली असावी.

शेवटच्या अटीवरच बहुतेक वाद होतात. आपण निष्काळजी नव्हतो हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. केरळ राज्य सहकारी विपणन महासंघ विरुद्ध स्टेट बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ही तत्त्वे एकत्र मांडली. चेक वटवला त्या क्षणापुरतेच न पाहता खाते उघडताना काय चौकशी केली, खात्यात अशा रकमा एरवी येतात का, हेही तपासले जाते. चेकवरचे नाव आणि खात्यावरचे नाव वेगळे असेल, तर काळजी घेतली होती असे म्हणणे बँकेला फार अवघड जाते.

मग पतसंस्थेचे काय?

पतसंस्था ही बँक नाही. तिला चेक थेट क्लिअरिंगला लावता येत नाही. ती तो बँकेतल्या स्वतःच्या खात्यात भरते. म्हणजे चेकवर नाव सभासदाचे, जमा संस्थेच्या खात्यात. नियम काटेकोर लावला, तर हेही चालणार नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने पुढे सवलत दिली. 50,000 रुपयांपर्यंतचा ‘अकाउंट पेयी’ चेक बँक पतसंस्थेच्या खात्यात जमा करू शकते. मात्र चेकवरची व्यक्ती त्या संस्थेची सभासद हवी आणि रक्कम तिच्याच खात्यात जमा करू, असे संस्थेने बँकेला लेखी द्यायला हवे. सभासदांची केवायसी कागदपत्रेही बँकेने मागितल्यास दाखवावी लागतात.

आता एक उदाहरण. समजा, दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला अडत्याकडून 46,000 रुपयांचा चेक मिळाला. त्याने तो पतसंस्थेत भरला. बँकेने रक्कम संस्थेच्या खात्यात जमा केली, पण संस्थेच्या कारकुनाने ती त्याच आडनावाच्या दुसऱ्या सभासदाच्या खाती नोंदवली. बँक म्हणेल, ‘आम्ही नियमाप्रमाणे संस्थेला पैसे दिले.’ पण सवलत देताना रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे, की या अटी पाळल्या म्हणून खऱ्या मालकाचा बँकेवरचा दावा संपत नाही. शेतकरी संस्थेकडे आणि बँकेकडेही मागणी करू शकतो. बँकेला पैसे द्यावे लागले, तर लेखी हमीच्या आधारे ती संस्थेकडून वसूल करू पाहील.

चेक 52,000 रुपयांचा असता, तर बँकेने तो संस्थेच्या खात्यात घ्यायलाच नको होता. तरीही घेतला असेल, तर ‘निष्काळजी नव्हतो’ हा बचाव आणखी लंगडा पडतो.

पैसे गेल्याचे कळले तर काय करावे?

पहिले काम म्हणजे चेक कोणत्या बँकेने वसूल केला, हे शोधणे. अडत्याच्या बँकेकडे वटलेल्या चेकची प्रतिमा असते. ती अडत्यामार्फत दोन्ही बाजूंची मागवावी. वसुली करणाऱ्या बँकेचा शिक्का त्यावर दिसतो. आपल्या नावात खाडाखोड झाली आहे का, हेही कळते. चेक आता प्रतिमेवरून वटतात, तरी वरवर दिसणारी खाडाखोड किंवा बनावटगिरी नेहमीच्या काळजीने तपासण्याची जबाबदारी कलम 131 च्या स्पष्टीकरणानुसार वसुली करणाऱ्या बँकेवरच आहे.

नंतर त्या बँकेला लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिच्याविरुद्ध सहकार खात्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे जावे लागते. म्हणून दोन तक्रारी वेगवेगळ्या कराव्यात.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. दावा करण्याचा हक्क चेकच्या खऱ्या मालकाला असतो. चेक शेतकऱ्याच्या हाती पडल्यावर चोरीला गेला, तर मालक शेतकरी. तो टपालातच गहाळ झाला आणि टपालाने पाठवा असे शेतकऱ्याने सांगितले नव्हते, तर मालक सहसा अडत्याच राहतो आणि त्याचे देणेही फिटत नाही. त्यामुळे चेक कधी आणि कसा हाती आला, याची पोच किंवा नोंद पुढे निर्णायक ठरू शकते.