दोरी कुणाच्या हातात

दसरा झाला की मला ओळखीतल्या माणसांचे फोन सुरू होतात. "तुम्ही बनारसला होतात ना? देवदिवाळीला जायचंय. नाव कुठली ठरवू? गच्ची मिळेल का?" छावणीत माझी पोस्टिंग दोन वर्षांची, म्हणजे दोन कार्तिक मी तिथे काढले. त्यानंतर 2023 मध्ये निवृत्त माणूस म्हणून बायकोसोबत आणखी एकदा गेलो. त्या तिन्ही वेळच्या बघण्यातून माझं जे मत झालं, ते एकदाच लिहून टाकतो.

मी फोनवाल्यांना सांगतो, पंचगंगा घाटावर जा, पण पौर्णिमेला जाऊ नका. कार्तिकातली कुठलीही दुसरी संध्याकाळ धरा.

मणिकर्णिकेच्या पुढे प्रवाहाच्या दिशेने चालत गेलं की आपलीच नावं लागतात. शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट, मग ग्वाल्हेर घाट, बालाजी घाट आणि त्याला लागून पंचगंगा. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्या इथे मिळतात अशी श्रद्धा आहे, डोळ्यांना एकच दिसते. वर बिंदुमाधवाचं देऊळ. जुनं देऊळ औरंगजेबाच्या काळात पडलं, त्या जागी आलमगीर मशीद उभी आहे आणि बिंदुमाधव शेजारच्या इमारतीत आहे. बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँसाहेब तरुणपणी शहनाईचा रियाज करायचे. घाटावर अहिल्याबाईंनी बांधलेला दगडी दीपस्तंभ आहे. जेजुरीची दीपमाळ पाहिलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याला 'हजारा' म्हणतात, आणि तो कार्तिकी पौर्णिमेला पेटतो.

पण मी सांगतोय ते हजाऱ्याबद्दल नाही, बांबूंबद्दल आहे.

पावसाळ्यात गंगा या पायऱ्या गिळून टाकते. पाणी उतरलं की मागे कंबरभर गाळ राहतो, तो पंपाने धुऊन काढतात. पायऱ्या मोकळ्या झाल्या की लांब बांबू उभे राहतात. बांबूच्या टोकाला एक कडी किंवा लहानशी कप्पी, तिच्यातून दोरी, आणि दोरीला वेताबांबूची विणलेली टोपली. संध्याकाळी टोपली खाली घ्यायची, आत पणती ठेवायची, तेल घालायचं, वात लावायची आणि हळूहळू वर चढवायची. हा आकाशदीप. आपल्याकडे दारात आकाशकंदील लावतात, त्याचाच हा नातेवाईक. पूर्वजांना वाट दिसावी म्हणून महिनाभर रोज लावायचा.

टोपलीच का, हे मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. नदीवरचा वारा उघडी पणती दोन मिनिटांत विझवतो. काच तापून तडकते, शिवाय जड. विणीतून वारा मोडतो आणि उजेड मात्र बाहेर येतो. दोरी झटक्याने ओढली तर टोपली कलते, तेल सांडतं, आणि मग टोपलीच पेटते. म्हणून ओढणाऱ्याचा हात संथ लागतो. आमच्याकडे झेंडा चढवणाऱ्या जवानाला जे शिकवतात, तेच. महिनाभर वापरलेली टोपली आतून काजळीने काळी होते आणि दोरीला तेलकट चिकटपणा येतो. खरी कुठली आणि शोभेची कुठली, हे दिवसाउजेडी ओळखायचं असेल तर टोपलीच्या आत बघा.

मला हे शिकवलं ब्रह्मा घाटाच्या बाजूला राहणाऱ्या एका मराठी आजींनी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तिथलंच. मराठी बोलताना मध्येच "अरे भैया" येतं, पण नैवेद्याला पुरणच. त्यांच्या नवऱ्याच्या नावाचा एक बांबू पंचगंगेवर असायचा. गुडघे धरलेले, तरी तीस दिवस त्या पायऱ्या उतरायच्या. मी एकदा म्हटलं, "आजी, मी ओढतो दोरी." त्या म्हणाल्या, "तू तुझ्या माणसांची ओढ. ही माझी आहे."

आता देवदिवाळीबद्दल. परप्रांतातल्या लोकांना वाटतं, घाटाघाटावर लाखो दिव्यांचा हा सोहळा हजारो वर्षं असाच चालू आहे. तसं नाही. त्रिपुरी पौर्णिमेचं दीपदान जुनं, पण आजच्या रूपातली देवदिवाळी ऐंशीच्या दशकात याच पंचगंगेवरून, स्थानिक लोकांनी गोळा केलेल्या तेलावातींवर सुरू झाली आणि एकेका घाटाने ती उचलली. दशाश्वमेधावरची रोजची मोठी आरती, एका मापाच्या चौथऱ्यांवर एका वेशातले पुजारी, तीही नव्वदच्या दशकातली. म्हणून "जुनं ते अस्सल आणि नवं ते नाटक" असा हिशेब मी मांडत नाही. गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून लावलेले दिवे पहिल्या वर्षीही खरेच होते.

गाडी बिघडली ती मोजणी सुरू झाल्यावर. आता दिव्यांचा आकडा आधी जाहीर होतो, दहा लाखांच्या पुढचा. पणत्या आणि तेल घाटाघाटावर वाटलं जातं, चेतसिंह किल्ल्याच्या भिंतीवर लेझरचा खेळ होतो, समोरच्या वाळूवर आतषबाजी. आकडा गाठायचा म्हटलं की दिवा कुणाचा, हा प्रश्न मोजणीत बसत नाही. सकाळी पायऱ्यांवर तेलाचा थर असतो आणि लहान मुलं उरलेलं तेल डब्यात ओतून घेत असतात. मला त्या सगळ्या रोषणाईत तेवढी एक गोष्ट कामाची वाटली.

याच्यात आम्ही फौजीही आहोत. कारगिलनंतर, 1999 पासून, दशाश्वमेधावर शहिदांच्या नावाने कार्तिकात आकाशदीप लागतात. देवदिवाळीला तिथे पुष्पचक्र वाहिलं जातं. कल्पना मला तेव्हाही पटली होती आणि आजही पटते. ज्यांचं पिंडदान करायला बाप उरला पण मुलगा नाही, त्यांच्यासाठी घाटाने दिवा लावावा, यापेक्षा मोठा मान कुठला?

पण एका वर्षी दुसऱ्या एका घाटावर, नाव लिहीत नाही, अशाच कार्यक्रमाच्या बंदोबस्ताला मी होतो. एका जवानाच्या पत्नीला दीप चढवायला बोलावलं होतं. विशीतली मुलगी, गावाकडून सासऱ्यांसोबत आलेली. तिने दोरी ओढली, टोपली वर गेली. तेवढ्यात संयोजकांपैकी कुणीतरी म्हणालं, कॅमेरा चालू नव्हता, खाली घ्या, परत एकदा. तिने टोपली खाली घेतली. पुन्हा चढवली. नदीतल्या नावांमधून टाळ्या पडल्या. मी गणवेशात सावधानमध्ये उभा होतो आणि त्या देखाव्याचा एक भाग होतो. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, यावर त्या रात्री बॅरेकमध्ये आम्ही तिघे भांडलो. सुभेदार साहेब म्हणाले, लोकांना कळतं तरी की कुणी मेलं. त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही.

डीन मॅकॅनेल नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एक गोष्ट मांडली होती, ती इथे लागू पडते. पर्यटकाला खोटं नको असतं. त्याला पडद्यामागचं, घरातलं, खरं बघायचं असतं. तो तसं मागतो म्हणून मग पडद्यामागची जागाच मांडून दाखवली जाते. 2023 मध्ये आम्ही गेलो तेव्हा पंचगंगेच्या वरच्या गल्लीतल्या एका मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांसाठी 'आकाशदीप अनुभव' होता. गच्चीवर चार बांबू, रंगवलेल्या टोपल्या, आत बॅटरीचे दिवे. पाहुण्याने दोरी ओढायची आणि फोटो काढायचा. पितर कुणाचे, हे कुणी विचारत नव्हतं. जत्रा टाळून शांत, खरं बनारस बघायला आलेली ही माणसं होती. माझ्याच सल्ल्याने येणारी माणसंही अशीच असतील, हे तिथे उभं असताना जाणवलं आणि जरा ओशाळलो.

त्या गल्लीत पूर्वी बिऱ्हाडं होती. आता पाट्या आहेत. विश्वनाथ धामासाठी घाटाच्या बाजूची तीनशेहून जास्त घरं-दुकानं विकत घेऊन पाडली आणि डिसेंबर 2021 मध्ये धाम खुलं झालं. त्यात माणसं हलली ती सर्वांना दिसली, मोबदलाही मिळाला. पंचगंगेकडे असं काही पाडलेलं नाही. तिथे घरं उभीच आहेत, फक्त भाडेकरू जातो आणि पाहुणा येतो. देवदिवाळीच्या एका रात्रीचं खोलीचं भाडं बिऱ्हाडकरूच्या कित्येक महिन्यांच्या भाड्याला भारी पडत असेल, तर मालकाने काय करावं? मी मालकाला दोष देत नाही. पण एका रात्रीसाठी आलेला माणूस तीस दिवस टोपली चढवू शकत नाही. आकाशदीपाला तेलापेक्षा पायऱ्यांवर राहणारा शेजार लागतो.

आजी होत्या. आणखी वाकलेल्या. नातवाने पौर्णिमेसाठी त्यांची गच्ची एका गटाला दिली होती. मला वाईट वाटलेलं त्यांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, "त्या पैशांत छत गळायचं थांबलं. गच्ची देते रे, दोरी नाही देत."

माझं मत या वाक्याच्या पलीकडे फारसं जात नाही. गच्ची विकावी, नाव भाड्याने द्यावी, आरतीला खुर्च्या मांडाव्यात. गरीब शहराने पोट कशावर भरायचं? पण काही दोऱ्या भाड्याने देऊ नयेत, आणि त्या कुठल्या, हे घाटावर राहणाऱ्याने ठरवावं. पंचगंगेला दिव्यांच्या मोजणीतून वगळावं. पौर्णिमेला तिथे हजारा पेटेल तेवढा पुरे. आणि आपल्या फौजेबद्दल म्हणाल तर, शहिदांचा दीप पौर्णिमेच्या गर्दीत नको. कार्तिकातली एखादी साधी संध्याकाळ घ्यावी, कुटुंबाला बोलवावं, बिगुल वाजवावा, मंच नसावा. टोपली एकदाच वर जावी. माजी सैनिकांच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एकाने विचारलं, "मग बघायला कोण येणार?"

बायकोने आणि मी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी सोबतच्या दोन मित्रांच्या नावाने दीप लावला. बांबू आजींचा, टोपली नवी, बाजारातून घेतलेली. पहिल्यांदा मी दोरी जोरात ओढली, टोपली कलली, तेल माझ्या बाहीवर सांडलं. आजी खालच्या पायरीवरून ओरडल्या, "हळू रे, झेंडा नाही तो!" झेंडाही हळूच चढवतात, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.