समुद्राखालची जमीन, 50 हजारांचा शेअर

फोर्टात विद्यापीठाशेजारचा राजाबाई टॉवर आपल्यापैकी अनेकांच्या स्टोरीत कधी ना कधी झळकलेला असतो. त्यासाठी देणगी दिली प्रेमचंद रायचंद यांनी, 1864 मध्ये. त्या वेळी मुंबईच्या शेअरबाजारात त्यांचा शब्द चालायचा. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि तेही बुडाले. टॉवर उभा राहीपर्यंत 1878 उजाडलं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. 1861 मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. हा पैसा खरा होता, हे आधी लक्षात घ्या. फुगा बहुतेक वेळा थापेतून सुरू होत नाही, खऱ्या कमाईतूनच होतो.

पण एवढा पैसा गुंतवायचा कुठे? मग नव्या बँका निघाल्या, नव्या फायनान्स कंपन्या निघाल्या आणि समुद्रात भराव टाकून जमीन काढणाऱ्या कंपन्याही. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन. तिचा 5 हजारांचा शेअर 50 हजारांच्या आसपास गेला. विकायची जमीन अजून पाण्याखालीच होती! म्हणजे हा भाव कंपनीच्या कमाईचा नव्हता. ‘उद्या कुणीतरी याहून जास्त देईल’ या खात्रीचा होता. शेजाऱ्याला फायदा झालेला दिसला की दुसरा घ्यायचा, त्याच्या खरेदीने भाव चढायचा आणि चढलेला भाव तिसऱ्याला पुरावा वाटायचा.

इथे आपण सहसा म्हणतो, ‘लोक हावरट होते, मेंढरं होती.’ मला हे अर्धवट वाटतं. नुसत्या हावेने एवढं मोठं शहर बुडत नाही. त्यासाठी उधारी लागते, आणि ती दोन वाटांनी आली.

पहिली वाट बँकेची. शेअर तारण ठेवा, कर्ज घ्या. समजा, 10 हजारांच्या शेअरवर 5 हजार मिळाले. त्यातून आणखी खरेदी झाली, भाव 20 हजार झाला. आता त्याच शेअरवर 10 हजार मिळणार! तेजीमुळे कर्ज वाढतं आणि कर्जामुळे तेजी.

दुसरी वाट वायद्याची. ‘1 जुलै 1865 ला हा शेअर 40 हजारांना घेईन’ असा करार करायचा आणि आज जवळपास काहीच द्यायचं नाही. त्या दिवशी भाव 45 हजार असेल तर 5 हजार खिशात. पण 5 हजारच असेल तर? 35 हजारांचं देणं, आणि तेही अशा माणसाच्या डोक्यावर, ज्याच्याकडे तेवढे पैसे कधी नव्हतेच. शिवाय त्याच्याकडून येणाऱ्या पैशांवर समोरच्याने आपले वायदे केलेले. एक घसरला की सगळी रांग घसरणार.

एप्रिल 1865 मध्ये जनरल ली शरण आला. युद्ध संपणार म्हणजे अमेरिकेचा कापूस परत येणार, हे कळताच भाव पडू लागले. 1 जुलै जवळ आली तसा जो तो विकायला धावला, पण घेणारा कुणीच उरला नव्हता. बॅक बेचा शेअर 2 हजारांच्याही खाली गेला. दिवाळखोरीच्या प्रकरणांसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. शेअरवर सढळ हाताने कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली.

‘फुगा आधी ओळखता येत नाही का?’ ओळखता येतो, पण तो कधी फुटणार हे सांगता येत नाही. 1863 मध्येच शेअर विकून बाहेर पडलेल्या शहाण्या माणसाला पुढची दोन वर्षं लोकांनी वेड्यातच काढलं असणार. त्यामुळे ‘टॉपला विकून निघू’ हा प्लॅन म्हणजे स्वतःची समजूत आहे. निघायचं ते सगळेच त्याच दिवशी ठरवतात.

आपल्या हातात राहतात दोन प्रश्न. भाव कशामुळे चढतोय, कमाईमुळे की पुढच्या घेणाऱ्यामुळे? आणि मी घेतोय ते माझ्या पैशाने की उधारीने? ग्रुपवर प्रॉफिटचे स्क्रीनशॉट पडतात तेव्हा पहिल्याचं उत्तर पटकन सापडत नाही. दुसऱ्याचं मात्र आपल्याला नेहमी माहीत असतं. 1865 मध्ये स्वतःच्या पैशाने शेअर घेतलेल्यांचे ते पैसे गेले. उधारीवर घेतलेल्यांचं मात्र जे बाजारात लावलंच नव्हतं, तेही गेलं. माझ्या मते, कळपात सामील होण्यापेक्षा उसन्या पैशाने सामील होणं जास्त घातक आहे.