रिपोर्टचा ताळा

मागच्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या भाचीने मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "खाला, यात सात ठिकाणी ठळक अक्षरे आहेत. अम्मी रडतेय. तुम्ही बघा ना."

फोटो घाईत काढलेला होता. कागदाला मधोमध घडी होती, वर ट्यूबलाइटची चमक पडली होती आणि उजवी कड कापली गेली होती. आकडा जास्त असेल तर 'एच' आणि कमी असेल तर 'एल' असे त्या कडेला छापलेले असते. तेवढेच नेमके दिसत नव्हते. असे फोटो हल्ली घरोघरी फिरतात. म्हणून या वेळी या एकाच फोटोची हकिकत सांगतो.

आकड्यांकडे वळण्याआधी आम्ही कागदाचा वरचा भाग वाचला. नाव भाचीचेच, वय 22, स्त्री, तारीख त्याच आठवड्यातली. हे आधी पाहावे लागते, कारण मापाची हद्द वयाप्रमाणे आणि स्त्री-पुरुषाप्रमाणे बदलते. या कागदावर हिमोग्लोबिनची हद्द 12 ते 15 होती. पुरुषाच्या कागदावर ती साधारण 13 ते 17 असते. गरोदरपणात हिमोग्लोबिन थोडे उतरते, तेव्हा डॉक्टर 11 च्या खाली गेले की कमी म्हणतात.

मग आम्ही मोबाइलच्या पडद्यावर एक पट्टी आडवी धरली आणि ओळीमागून ओळ वाचली. तिरक्या फोटोत एका ओळीचा आकडा खालच्या ओळीच्या हद्दीशी जुळवला जातो आणि उगाच घाबरायला होते. आकड्याबरोबर त्याचे एककही वाचावे. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारे कण. ते एक प्रयोगशाळा 3.1 लाख असे छापते, तर दुसरी 310 हजार असे. दोन्ही एकच.

बहिणीला सगळ्यात जास्त धास्ती लिंफोसाइटची होती. कुणीतरी तिला सांगितले होते की ते वाढले म्हणजे मोठा आजार. लिंफोसाइट हा संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. कागदावर 42 टक्के होते आणि हद्द 20 ते 40 होती. पण टक्का हा वाटा असतो, संख्या नव्हे. एकूण पांढऱ्या पेशी 6,800 होत्या, म्हणजे अगदी मापात. त्यांचे 42 टक्के म्हणजे 2,856. त्याच कागदावर खाली लिंफोसाइटच्या प्रत्यक्ष संख्येची हद्द 1,000 ते 3,000 दिली होती. म्हणजे तिथे काही बिघडलेले नव्हते. शिवाय ही हद्द ठरते कशी? शंभर निरोगी माणसांपैकी साधारण पंचाण्णव जण तिच्या आत बसतात. उरलेले पाच निरोगी असूनही बाहेर पडतात. वीस-पंचवीस आकड्यांच्या कागदावर एखादा आकडा केसभर बाहेर असला तर त्यात नवल नाही. एकटा आणि थोडासाच सरकलेला आकडा वेगळा, एकाच दिशेला बोट दाखवणारे चार आकडे वेगळे.

आणि इथे तसे चार आकडे होते. हिमोग्लोबिन 10.4. हा प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ, तो कमी होता. एम.सी.व्ही. म्हणजे एका लाल पेशीचा सरासरी आकार. तो 61 होता, हद्द 83 ते 101. एम.सी.एच. म्हणजे एका पेशीत किती हिमोग्लोबिन भरले आहे ते माप. ते 18.6 होते, हद्द 27 ते 32. आर.डी.डब्ल्यू. पेशींच्या आकारात किती लहानमोठेपणा आहे ते सांगतो. तो 15 होता, हद्दीपेक्षा जरासाच जास्त. थोडक्यात, पेशी फारच लहान आणि फिकट होत्या.

बहीण म्हणाली, "आपा, दोन वर्षं हेच ऐकतेय. रक्त कमी, रक्त कमी. लोहाच्या गोळ्या किती झाल्या, तरी दहाच्या वर काही जात नाही."

आता उरली होती लाल पेशींची संख्या, आणि ती नेमकी घडीवर होती. पॉइंट सहा स्पष्ट दिसत होते, पण आधीचा अंक 3 की 5 ते कळेना. हद्द 3.8 ते 4.8. म्हणजे 3.6 असेल तर पेशी कमी आणि 5.6 असेल तर जास्त. अक्षर दोन्ही वेळा ठळकच येणार. एका अंकावर सगळा अर्थ उलटत होता.

शाळेत आम्ही मुलांना उत्तराचा ताळा करायला लावतो. इथेही ताळा करता येतो, कारण या कागदावरचे काही आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. पी.सी.व्ही. म्हणजे शंभर भाग रक्तात लाल पेशींनी किती भाग व्यापला ते माप. त्याला 10 ने गुणून लाल पेशींच्या संख्येने भागले की एम.सी.व्ही. येतो. पी.सी.व्ही. 34.2 होता. 342 ला 3.6 ने भागले तर 95 येतात आणि 5.6 ने भागले तर 61. कागदावर एम.सी.व्ही. 61 स्पष्ट छापलेला होता. म्हणजे अंक 5 होता. पेशी कमी नव्हत्या, उलट जास्त होत्या. सकाळी भाचीने घडी सपाट करून खिडकीपाशी दुसरा फोटो काढला, त्यातही 5.6 च दिसले आणि त्यापुढे 'एच'.

यात एवढे काय आहे ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगतो. डब्यात पीठ कमी असेल तर भाकऱ्या लहान होतात आणि कमीही होतात. शरीरात लोह कमी पडले की तसेच होते. पेशी लहान होतात, त्यांची संख्या सहसा वाढत नाही, आणि जुन्या-नव्या पेशी वेगवेगळ्या आकाराच्या असल्याने आर.डी.डब्ल्यू. बराच चढतो. पण डब्यात पीठ भरपूर असूनही कुणी मुद्दाम लहान लहान गोळे घेत असेल तर? भाकऱ्या सगळ्याच लहान, पण संख्येने जास्त. थॅलेसेमिया मायनरमध्ये असे घडते. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवण्याची आज्ञा जन्मापासूनच अर्धी मिळालेली असते. पेशी लहान राहतात आणि शरीर त्या जास्त संख्येने बनवते.

या दोन्हींत फरक करण्यासाठी डॉक्टर एक सोपा भागाकार वापरतात. एम.सी.व्ही. ला लाल पेशींच्या संख्येने भागायचे. उत्तर 13 पेक्षा जास्त आले तर लोहाच्या कमतरतेचा संशय, कमी आले तर थॅलेसेमिया मायनरचा. इथे 61 भागिले 5.6, म्हणजे 10.9 आले. पण हा भागाकार निदान नव्हे. तो चुकतो, आणि कधी एकाच माणसात दोन्ही गोष्टी असतात. आम्ही भाचीला सांगितले, "गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या हे तू ठरवू नकोस आणि आम्हीही ठरवणार नाही. दोन वर्षांचे सगळे कागद घेऊन डॉक्टरसाहेबांना एवढेच विचार की लाल पेशी जास्त का आहेत."

डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहून दिल्या. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज. अंगात ताप किंवा सूज असेल तर तो आकडा फसवा चढतो, म्हणून डॉक्टरांनी आधी तेही विचारून घेतले. दुसरी तपासणी हिमोग्लोबिन एच.पी.एल.सी., जिच्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. फेरिटिन 48 निघाले, म्हणजे साठा ठीक होता. हिमोग्लोबिन ए-टू नावाचा प्रकार 5.2 टक्के निघाला. निरोगी माणसात तो साधारण साडेतीनच्या आत असतो. लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा उतरतो, म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र वाचतात. निदान झाले, बीटा थॅलेसेमिया मायनर. हा आजार नव्हे, ही वाहक अवस्था. भाची इतरांसारखीच जगेल. लोहाचा साठा कमी झाल्याशिवाय लोहाच्या गोळ्यांची तिला गरज नाही.

पण गोष्ट इथे संपत नव्हती. भाचीचा रिश्ता तिच्या मामूच्या मुलाशी, म्हणजे आमच्याच भावाच्या मुलाशी ठरला आहे. डॉक्टरांनी समजावले की आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल. अशा बाळाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मेजर होत नाही, मूल फार तर वाहक होते. भाचीला हे कुणाकडून आले? आम्ही बहिणीचा बाळंतपणाच्या वेळचा जुना कागद शोधला. त्यात एम.सी.व्ही. 64 होता. तिचीही एच.पी.एल.सी. केली आणि ती वाहक निघाली. म्हणजे वारसा आमच्याच घरातला होता, आणि तो भावाकडेही असू शकत होता.

भाऊ आधी रागावला. "मुलगा धडधाकट आहे, त्याचं रक्त कशाला तपासायचं?" आम्ही म्हटले, "भाई, वाहक धडधाकटच असतो. म्हणून तर कागद बघायचा." त्याला चारात एकचा हिशेब वहीवर मांडून दाखवला. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन स्वतःच प्रयोगशाळेत गेला.

चार दिवस दोन्ही घरांत कुणाला नीट झोप नव्हती. मग फोटो आला. या वेळी कागद टेबलावर सपाट, दिवसाच्या उजेडात, चारही कोपरे दिसतील असा, आणि तोही डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला. तसे पाठवले की अक्षरे फुटत नाहीत. हिमोग्लोबिन 14.8, एम.सी.व्ही. 88, ए-टू 2.7 टक्के. अल्हम्दुलिल्लाह. मुलगा वाहक नव्हता. अहवाल वेगळा आला असता तर काय करायचे याचा सल्ला डॉक्टरांनी आधीच दिला होता. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतही बाळाची तपासणी होऊ शकते, आणि ते ठरवायला वेळ हवा म्हणून हे निकाहआधी कळलेले बरे.

आता भाचीच्या धाकट्या भावाची तपासणी व्हायची आहे. त्याची वाहक असण्याची शक्यता निम्मी. तुमच्याही घरात कुणाला वर्षानुवर्षे 'रक्त कमी' म्हणून लोह चालू असेल, तर जुना कागद काढा आणि दोनच ओळी पाहा. एम.सी.व्ही. 75 च्या खाली आणि लाल पेशींची संख्या 5 च्या वर असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एच.पी.एल.सी. बद्दल विचारा. घरात निकाह ठरत असेल तर ते त्याआधी करा.