पानं गेली, वजन वाढलं

आमच्या आंबिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी कार्यक्षम आहेत, हे मी या सदरात पूर्वीही तक्रारीच्या सुरातच लिहिलंय. या आठवड्यात त्यांनी वार्षिक अहवालाची 18 पानांची पीडीएफ ग्रुपवर टाकली. 10 ते 13 या पानांवर भाडेकरूंची आधार कार्डं, स्कॅन करून! बोंबाबोंब झाल्यावर त्यांनी ती उडवली आणि लगेच 14 पानांची नवी फाइल पाठवली. "काढली हो ती पानं!"

चार स्कॅन पानं गेली तर फाइलचं वजन उतरायला हवं. इथे ते थोडं वाढलेलं. मला तिथेच शंका आली.

पीडीएफमध्ये कोणती पानं दाखवायची याची एक यादी असते. काही सॉफ्टवेअर पान 'डिलीट' करताना जुन्या मजकुराला हातच लावत नाहीत. ती चार पानं वगळलेली नवी यादी फाइलच्या शेपटाला जोडतात. सेव्ह पटकन व्हावं, डिजिटल सही झालेला भाग जसाच्या तसा राहावा, म्हणून केलेली ही सोय. अशा प्रत्येक सेव्हच्या शेवटी `%%EOF` ही खूण पडते. शेवटून दुसऱ्या खुणेच्या पुढचं सगळं कापलं, की जुनी फाइल उघडते. मात्र दोन खुणा म्हणजे लपवाछपवीच असं नाही. वेबवर झटपट उघडणाऱ्या फाइलीत त्या मुळातच असतात.

सेक्रेटरींच्या घरी जाऊन शेपूट कापून दाखवलं. 18 पानं हजर! "पण मला तर दिसत नव्हती," ते म्हणाले. अहो, तुम्हाला दिसत नव्हती म्हणूनच तर तुम्ही बिनधास्त पाठवलीत.

नको ती पानं खोडण्यापेक्षा हवी तीच घेऊन नवी फाइल बनवावी. प्रिंटमध्ये 1-9,14-18 लिहून पीडीएफ म्हणून सेव्ह केलं तरी सहसा भागतं. फक्त लिंक आणि बुकमार्क जातात. मी qpdf वापरलं:

```
qpdf --empty --pages ahwal.pdf 1-9,14-18 -- nava.pdf
```

`--empty` मुळे जुन्या फाइलचे बुकमार्क आणि जोडपत्रंही मागेच राहतात. यावेळी वजन खरोखर उतरलं. पहिल्या फाइली ज्यांनी उतरवून घेतल्यात, त्यांच्या फोनमधून मात्र त्या कोण काढणार?

मुळात अहवालात आधार हवंच कशाला? द्यायचंच तर 'मास्क्ड आधार' मिळतं, शेवटचे चारच आकडे दाखवणारं. पण ते पुढे करून बघा! दुकानापासून बँकेपर्यंत जो तो असा बघतो, की आपण अर्धी नोट सरकवली. सेक्रेटरींना माझं दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, "यात पूर्ण नंबर कुठाय? पुढच्या अहवालात कसं लावू?"